चार दिवस की सात दिवस? रजेच्या अर्जातला हिशेब

जानेवारी 2026 चे कॅलेंडर समोर ठेवा. 26 तारखेला सोमवार आहे. शनिवार 24, रविवार 25 आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन अशा तीन सुट्ट्या ओळीने आल्या आहेत. पुण्यातल्या एका शासकीय कार्यालयातल्या लिपिकाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी जायचे आहे, असे समजू. शुक्रवारी 23 तारखेला वडिलांचे वर्षश्राद्ध आहे, म्हणून गुरुवारी गावी पोहोचायला हवे. वडिलांच्या नावावरच्या जमिनीला वारसांची नावे लावायची आहेत. त्यासाठी तलाठी कार्यालय उघडे हवे, आणि ते उघडणार थेट मंगळवारी. म्हणजे मंगळवार 27 आणि बुधवार 28 हेही गावीच जाणार. गुरुवारी 29 तारखेला सकाळी तो कार्यालयात परत हजर होईल.

आता अर्जात दिवस किती लिहायचे? कामाचे दिवस चुकतात चार, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, मंगळवार आणि बुधवार. पण 22 ते 28 ही तारीख मोजली तर सात दिवस होतात. अर्जावर बहुतेक जण घाईने लिहितात, ‘दि. 22 ते 28 जानेवारी, चार दिवस रजा मिळावी.’ आस्थापना शाखेतला माणूस बोटांवर मोजतो, सात येतात. अर्ज शेरा होऊन परत येतो, नाहीतर तो आपल्या समजुतीप्रमाणे सात दिवस खात्यातून वजा करतो. अर्जदाराला हे कळते कित्येक महिन्यांनी, कधी कधी तर निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक उघडल्यावर.

चार आणि सात हे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. कोणता लागू पडेल हे कॅलेंडरवर ठरत नाही, तुम्ही कोणत्या प्रकारची रजा मागता यावर ठरते. अर्ज लिहिताना हीच गोष्ट मनात पक्की असली पाहिजे, कारण बाकीचा सगळा हिशेब तिच्यातून निघतो.

नैमित्तिक रजा, जिला कार्यालयात सगळे सीएल म्हणतात आणि शाळांतून किरकोळ रजा, ती वर्षाला आठ दिवस मिळते. ही रजा नियमांच्या दृष्टीने खरी रजाच नव्हे. सीएलवर असलेला कर्मचारी कामावरून गैरहजर धरला जात नाही, त्याला त्या दिवसापुरती हजेरीतून सूट दिलेली असते. म्हणूनच तिचा हिशेब रजेच्या खात्यात जात नाही, मस्टरच्या आधारे वेगळा ठेवला जातो, आणि वर्ष संपले की उरलेली सीएल बुडते. आता जी सवलत हजेरीतून सूट म्हणून दिली आहे, ती जिथे हजेरीच लागत नाही त्या दिवशी कशाला खर्च होईल? शनिवारी, रविवारी आणि 26 जानेवारीला मस्टरवर सही करायचीच नसते. त्यामुळे सीएलच्या मधोमध आलेल्या सुट्ट्या मोजल्या जात नाहीत. आपल्या लिपिकाने सीएल मागितली तर चार दिवस खर्च होतात.

अर्जित रजेचे तत्त्व याच्या अगदी उलट आहे. ती 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस अशी खात्यात आगाऊ जमा होते, साठत जाते, आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे 300 दिवसांपर्यंत रोख पैसे मिळतात. ही रजा म्हणजे एक सलग कालखंड असतो. ती ज्या दिवशी सुरू होते आणि ज्या दिवशी संपते, त्यांच्यामधला प्रत्येक दिवस त्या कालखंडाचा भाग होतो, मग तो रविवार असो वा राष्ट्रीय सण. रजेवर असलेल्या माणसाला रविवार वेगळा उरत नाही, कारण तो आधीच रजेवर आहे. त्याला पगारही रजावेतन म्हणून मिळतो, त्या कालखंडातल्या सगळ्या दिवसांचा. म्हणून 22 ते 28 अर्जित रजा मागितली की सात दिवस वजा होतात, आणि त्यात कुणाची चूक नसते.

पण सुट्टी रजेच्या कडेला आली तर गोष्ट बदलते. रजा सुरू होण्याच्या लगेच आधीची किंवा संपल्यावर लगेच येणारी सुट्टी रजेत मोजली जात नाही, ती रजेला फक्त जोडली जाते. छापील अर्जात यासाठी वेगळा रकाना असतो: रजेच्या आधी व नंतर जोडावयाच्या रविवार व सुट्ट्या. हा रकाना अनेक जण रिकामा सोडतात किंवा त्यात ‘होय’ एवढेच लिहितात. खरे तर तिथे तारखा लिहायच्या असतात. लिपिकाला फक्त 22 आणि 23 ची अर्जित रजा हवी असती आणि मंगळवारी तो हजर होणार असता, तर रजा दोन दिवस आणि पुढे जोडलेल्या सुट्ट्या तीन. घरापासून पाच दिवस दूर, खात्यातून दोन वजा. सुट्टी कडेला असली तर फुकट आणि मध्ये सापडली तर हिशेबात. अर्जित रजेचा सगळा जोडहिशेब एवढाच आहे.

याचा परिणाम किती मोठा होतो ते याच जानेवारीत पाहा. आपल्या लिपिकाला वर्षश्राद्ध नसते, फक्त जमिनीचे काम असते, तर तो मंगळवार 27 ते शुक्रवार 30 अशी चार दिवसांची अर्जित रजा मागू शकला असता. आधी जोडल्या 24, 25 आणि 26, नंतर जोडल्या शनिवार 31 आणि रविवार 1 फेब्रुवारी. शुक्रवारी 23 ला संध्याकाळी कार्यालय सोडायचे आणि सोमवारी 2 फेब्रुवारीला हजर व्हायचे. मधले नऊ दिवस गावी आणि खात्यातून गेले फक्त चार. उलट 22 ते 28 या मांडणीत सात दिवस गावी राहण्यासाठी सातच्या सात दिवस जातात. कामाचे दिवस दोन्हीकडे चारच चुकले. फरक पडला तो सुट्ट्यांच्या जागेमुळे. ज्यांच्या कामाची तारीख थोडी हलू शकते त्यांनी अर्ज लिहिण्याआधी हे एकदा कागदावर मांडून बघितलेच पाहिजे.

तीन दिवसांनी काय बिघडते, असे कुणाला वाटेल. त्या महिन्याच्या पगारात खरोखरच काही बिघडत नाही. सीएल असो वा अर्जित रजा, पगार पूर्ण मिळतो, आणि म्हणूनच चूक डोळ्यांवर येत नाही. पण निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे पैसे देताना मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला तीसने भागून एका दिवसाची रक्कम काढतात. तीन दिवस म्हणजे त्या बेरजेचा दहावा भाग, आणि तोही निवृत्तीच्या वेळच्या वेतनावर. वर्षानुवर्षे लांब सुट्ट्यांना जोडून घेतलेल्या रजांचे असे तीन-तीन दिवस गेले तर ते पैसे थोडे नसतात. ज्यांचे खाते 300 च्या कमाल मर्यादेला आधीच टेकले आहे त्यांना हा तोटा जाणवणार नाही, पण सेवेची पहिली वीस-पंचवीस वर्षे असलेल्या प्रत्येकाला जाणवेल.

मग सरळ सीएलच मागावी, असे वाटणे साहजिक आहे. आपल्या लिपिकासाठी तोच चांगला मार्ग आहे, पण त्याची किंमत समजून घ्यावी लागते. वर्षाच्या आठपैकी चार सीएल जानेवारीतच संपतात. पुढे मुलाचा ताप, अचानक आलेला पाहुणा, बँकेतले काम यासाठी अकरा महिन्यांना चार उरतात. शिवाय सीएल ही छोट्या, अचानकच्या कामासाठी असल्याने ती एका वेळी किती घेता येईल आणि सुट्ट्या धरून सलग किती दिवस अनुपस्थित राहता येईल यालाही मर्यादा घातलेली असते. त्यामुळे सीएलच्या अर्जातही एकूण अनुपस्थितीचा आकडा लिहावाच लागतो. चार सीएल मागणारा माणूस प्रत्यक्षात सात दिवस जाग्यावर नसणार, हे मंजुरी देणाऱ्याला कळले पाहिजे. तो आकडा लपवला तर अर्ज संशयास्पद दिसतो, मांडला तर सहसा कुणी हरकत घेत नाही.

इथे एक वाट सुचते आणि ती बंद आहे. 22 आणि 23 ची अर्जित रजा घ्यावी, तिला तीन सुट्ट्या जोडाव्यात, आणि मग 27, 28 ला सीएल टाकावी. म्हणजे अर्जित रजा दोन, सीएल दोन, सुट्ट्या फुकट. हिशेब सुंदर दिसतो, पण सीएल दुसऱ्या कोणत्याही नियमित रजेला जोडता येत नाही, आणि मध्ये सुट्ट्या आल्या म्हणून जोड तुटत नाही. तुटतो तो फक्त प्रत्यक्ष हजेरीने. मंगळवारी 27 ला हा माणूस कार्यालयात येऊन काम करून गेला असता, तर गुरुवार-शुक्रवारची रजा तिथे पूर्ण झाली असती आणि बुधवारची सीएल हा नवा, स्वतंत्र विषय झाला असता. दोन वेगळे अर्ज दिल्याने दोन वेगळ्या रजा होत नाहीत. सुट्ट्यांच्या अलीकडे आणि पलीकडे दोन अर्ज देऊन मधले दिवस वाचवण्याचा प्रयत्न आस्थापना शाखेच्या लगेच लक्षात येतो, कारण त्यांच्यासमोर मस्टरचे पान असते आणि त्यावर 21 आणि 29 यांच्यामध्ये एकही सही नसते.

आता अर्जाकडे येऊ. सीएलचा अर्ज साध्या कागदावर चालतो. आपल्या लिपिकाचा अर्ज असा असेल:

दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,

विषय: नैमित्तिक रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वडिलांचे वर्षश्राद्ध दि. 23 जानेवारी रोजी मूळ गावी असून, त्यानंतर वारसनोंदीच्या कामासाठी दि. 27 व 28 जानेवारी रोजी तलाठी कार्यालयात समक्ष उपस्थित राहावयाचे आहे. तरी मला दि. 22 (गुरुवार), 23 (शुक्रवार), 27 (मंगळवार) व 28 (बुधवार) जानेवारी 2026 अशी एकूण चार दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

दि. 24 (शनिवार), 25 (रविवार) व 26 जानेवारी (प्रजासत्ताक दिन) या तीन सुट्ट्या मध्ये येत आहेत. त्या धरून दि. 22 ते 28 जानेवारी असे एकूण सात दिवस मी अनुपस्थित राहीन आणि दि. 29 जानेवारी 2026, गुरुवार रोजी कार्यालयीन वेळेत कामावर हजर होईन.

दि. 21 जानेवारी रोजी कार्यालयीन वेळ संपल्यानंतर मुख्यालय सोडण्याची व दि. 26 जानेवारी रोजी मुख्यालयाबाहेर राहण्याची परवानगी मिळावी. माझ्या खाती या वर्षाची आठ दिवस नैमित्तिक रजा शिल्लक आहे. रजेच्या काळातील पत्ता व भ्रमणध्वनी खाली दिला आहे.

आपला/आपली विश्वासू

या अर्जात तीन आकडे वेगवेगळे लिहिले आहेत: रजा चार, सुट्ट्या तीन, एकूण अनुपस्थिती सात. वाचणाऱ्याला बेरीज करून पाहता येते आणि ती जुळते. रजेच्या चारही तारखा सुट्या लिहिल्या आहेत, ‘22 ते 28’ असा पट्टा रजा म्हणून कुठेच लिहिलेला नाही. पट्टा येतो तो फक्त अनुपस्थितीच्या वाक्यात. आणि हजर होण्याची तारीख वारासकट दिली आहे. मला विचाराल तर अख्ख्या अर्जातले सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे. ‘28 पर्यंत रजा’ याचा अर्थ 28 ला येणार की 29 ला, यावर कार्यालयात हमखास गोंधळ होतो. हजर होण्याची तारीख लिहिली की तो होत नाही.

हाच लिपिक अर्जित रजा मागत असेल तर छापील नमुना भरावा लागतो आणि मजकूर बदलतो: ‘दि. 22 ते 28 जानेवारी 2026, दोन्ही दिवस धरून, एकूण सात दिवसांची अर्जित रजा मिळावी.’ इथे मधल्या सुट्ट्या वेगळ्या दाखवायच्या नाहीत, त्या सातमध्ये आल्याच आहेत. आधी-नंतरच्या सुट्ट्यांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहायचे, कारण 21 ला आणि 29 ला कामाचे दिवस आहेत. आणि दुसऱ्या मांडणीत, म्हणजे 27 ते 30 च्या रजेत, त्याच रकान्यात लिहायचे: ‘आधी: दि. 24, 25, 26 जानेवारी. नंतर: दि. 31 जानेवारी व 1 फेब्रुवारी.’ मंजुरीच्या आदेशातही या तारखा आल्या आहेत ना, हे बघून घ्यावे.

‘दोन्ही दिवस धरून’ हे तीन शब्द मुद्दाम लिहावेत. 28 मधून 22 वजा केले की सहा उरतात, आणि रजा मोजताना होणारी सर्वांत जुनी चूक तीच आहे. वजाबाकीत पहिला दिवस गळतो, म्हणून एक मिळवावा लागतो. संगणकावर काम करणाऱ्यांना एक्सेलमध्ये दोन्ही आकडे एका ओळीत मिळतात:

```
=DATE(2026,1,28)-DATE(2026,1,22)+1
=NETWORKDAYS(DATE(2026,1,22),DATE(2026,1,28),DATE(2026,1,26))
```

पहिल्याचे उत्तर सात येते, ती एकूण अनुपस्थिती. दुसरे सूत्र शनिवार, रविवार आणि शेवटी दिलेली 26 जानेवारीची सुट्टी वगळते, म्हणून चार. पण हे सूत्र प्रत्येक शनिवार सुट्टी धरते. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तिथे ते चालते. बँकेत फक्त दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो. 24 जानेवारी हा चौथा शनिवार आहे, त्यामुळे इथे बँक कर्मचाऱ्यालाही चारच मिळतील, पण हाच प्रकार एका आठवड्याने पुढे गेला तर त्याला शनिवारची सीएल टाकावी लागेल. जिथे फक्त रविवारी सुट्टी असते तिथे 24 चा शनिवार कामाचा दिवस ठरतो आणि रजा पाच दिवसांची होते. दुसऱ्याचा अर्ज समोर ठेवून आपला लिहिताना ही गल्लत होते. अर्जातल्या सुट्ट्या आपल्या कार्यालयाच्या असाव्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या नव्हेत.

26 जानेवारीबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. ती सुट्टी असली तरी शासकीय कार्यालयात सकाळी ध्वजवंदन असते आणि कर्मचाऱ्यांनी त्याला यावे अशी अपेक्षा असते. 15 ऑगस्ट आणि 1 मेचेही तसेच. इतर सुट्ट्या रजेला जोडताना कुणी सहसा आडवे येत नाही, पण या दिवशी एखाद्याची कामगिरी लावलेली असेल तर कार्यालय प्रमुख परवानगी नाकारू शकतात. म्हणून वरच्या अर्जात 26 चा उल्लेख नुसता मधली सुट्टी म्हणून न करता त्या दिवशी बाहेर राहण्याची परवानगी स्पष्ट मागितली आहे. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे रजेच्या नियमांतले मूळ तत्त्व आहे, आणि त्याचा अनुभव अशाच दिवशी येतो.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत, म्हणजे आयकर, लेखा किंवा टपाल खात्यात काम करणाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 लागू होतात. राज्याच्या कर्मचाऱ्यांचे नियम 1981 चे आहेत. मूळ मोजणी दोन्हीकडे सारखीच. केंद्राच्या नियम 22 प्रमाणे रजेच्या कडेच्या सुट्ट्या जोडण्यास परवानगी आहे असेच धरले जाते, प्रशासकीय कारणाने ती मुद्दाम रोखली असेल तेवढा अपवाद. केंद्रात सीएल साधारणपणे एका वेळी पाच दिवसांपेक्षा जास्त देत नाहीत. शिवाय तिथे वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या यादीतून निवडता येतात आणि त्या सीएलला जोडता येतात. 2026 मध्ये वसंत पंचमी 23 जानेवारीला, शुक्रवारीच येते. आपला लिपिक केंद्राच्या कार्यालयात असता आणि त्याने ती ऐच्छिक सुट्टी घेतली असती, तर सीएल तीनच लागल्या असत्या: 22, 27 आणि 28.

खासगी कंपन्यांत हिशेब कंपनीच्या रजा धोरणावर चालतो, आणि तिथे ‘सँडविच’ नावाचा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. शुक्रवारी आणि मंगळवारी रजा घेतली की मधले शनिवार, रविवार, सोमवारही रजा म्हणून कापायचे. काही कंपन्यांत तो फक्त न कळवता घेतलेल्या रजेला लागू असतो, काही ठिकाणी सरसकट. कारखान्यांत मात्र कायदा कामगाराच्या बाजूने बोलत आला आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 79 मध्ये स्पष्ट लिहिले होते की वार्षिक भरपगारी रजा मोजताना तिच्या मधल्या आणि दोन्ही टोकांच्या सुट्ट्या धरायच्या नाहीत. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितेने घेतली आहे. दुकाने आणि कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार त्यात ठरलेल्याच आहेत. खासगी नोकरीत असाल तर लांब सुट्टीला जोडून रजा टाकण्याआधी मनुष्यबळ विभागाला एकच प्रश्न लेखी विचारा: मधले तीन दिवस माझ्या रजेतून जातील का? उत्तर ईमेलवर येऊ द्या.

शेवटी, ठरल्याप्रमाणे परत येता आले नाही तर काय? गावी बुधवारी वारसनोंदीचे काम झाले नाही, तलाठ्याने शुक्रवारी बोलावले, म्हणून लिपिकाने 29 आणि 30 ला आणखी रजा हवी असे कळवले. सीएल आता सहा होतील, आणि शनिवार-रविवार धरून 1 फेब्रुवारीपर्यंतची अनुपस्थिती अकरा दिवसांची होईल. इतकी सीएल मिळणे कठीण. मग वाढीव दोनच दिवस अर्जित रजेत टाकता येतील का? नाही, कारण सीएलला अर्जित रजा जोडता येत नाही. अशा वेळी सगळा कालखंडच अर्जित रजेत बदलावा लागतो, म्हणजे 22 ते 30, नऊ दिवस, आणि पुढे जोडलेल्या सुट्ट्या 31 आणि 1. चार सीएलची रजा बघता बघता नऊ दिवसांच्या अर्जित रजेत बदलली. म्हणून काम लांबण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर पहिल्याच दिवशी ठरवावे की ही रजा कोणत्या खात्यातून जाणार. आणि वाढवायचीच असेल तर 28 तारीख उलटण्याआधी कळवावे. मुदत संपल्यावर न कळवता राहिलेले दिवस अनधिकृत अनुपस्थिती ठरू शकतात, आणि त्याचा त्रास रजेच्या हिशेबापेक्षा कितीतरी मोठा असतो.

29 ला सकाळी आल्यावर मस्टरवर सही करा, अर्जित रजा असेल तर हजर झाल्याचा अहवाल द्या, आणि मंजुरी आदेशाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढच्या महिन्यात आस्थापना शाखेत जाऊन रजेच्या खात्यात किती दिवस वजा झाले ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चूक असेल तर त्याच आठवड्यात, आदेशाची प्रत जोडून, दुरुस्तीचा अर्ज द्या. मंजुरी देणारा अधिकारी त्याच खुर्चीत असेपर्यंत ही दुरुस्ती एका सहीने होते.